सुट्या पंधरा कथा, एक पुस्तक : 'डब्लिनर्स' सलग कसं वाचावं

जेम्स जॉइसची 'ॲराबी' किंवा 'एव्हलिन' ही कथा इंग्रजी साहित्य शिकलेल्या अनेकांना माहीत असते, पण सुटी. कुठल्यातरी संकलनात ती भेटलेली असते. आधी काय होतं आणि नंतर काय येतं, हे कळायला तिथे वाव नसतो. ज्या पुस्तकातून ती उचललेली आहे ते 'डब्लिनर्स' मात्र फार विचारपूर्वक रचलेलं आहे. त्यातल्या पंधरा कथा आयर्लंडमधल्या डब्लिन या एकाच शहरात घडतात. नायक प्रत्येक कथेत नवा, एका कथेतला पेच पुढच्या कथेत सुटत नाही, आणि तरी शेवटचं पान मिटताना आपण एक लांबलचक गोष्ट वाचून आलो असं वाटतं. असं का वाटतं, हे पुराव्यानिशी कसं दाखवायचं, यासाठी हा लेख आहे.

या पुस्तकाला कथानक आहे, पण ते एका माणसाच्या आयुष्यात घडत नाही. ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं. एकाने अर्धवट सोडलेली अवस्था पुढच्या कथेतला कुणी दुसराच जगत असतो. हे सिद्ध करायला दोनच साधनं लागतात, कथांचा क्रम आणि त्यांच्यात परत परत येणाऱ्या गोष्टी. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : एका पानाचा तक्ता

आधी पंधराही कथा छापील क्रमाने, शक्य तितक्या सलग वाचून काढायच्या. आवडती कथा आधी आणि कंटाळवाणी नंतर, असं करायचं नाही. वाचताना प्रत्येक कथेसाठी एकच ओळ लिहायची आणि तिच्यात पाच गोष्टी नोंदवायच्या: गोष्ट कोण सांगतं, मुख्य माणसाचं वय, त्याच्या घरात कोण कोण आहे, कथा कुठल्या जागी सुरू होते, आणि शेवटच्या परिच्छेदात तो माणूस शरीराने नेमका कुठे उभा किंवा बसलेला असतो. आशय, संदेश, प्रतीकं यांतलं काहीही अजून लिहायचं नाही. ती घाई केली की तक्त्यात आपलीच मतं भरतात आणि पुढे तीच आपल्याला पुरावा वाटू लागतात.

'ॲराबी'ची ओळ साधारण अशी होईल: 'मी' सांगतो, शाळकरी मुलगा, घरात काका-काकू, सुरुवात एका बाजूने बंद असलेल्या गल्लीत, शेवट बाजाराच्या अंधारत चाललेल्या दालनात, वर काळोखाकडे पाहत. 'एव्हलिन'ची ओळ: त्रयस्थ निवेदन, एकोणीस ओलांडलेली मुलगी, घरात वडील आणि सांभाळायला दिलेली दोन लहान मुलं, सुरुवात खिडकीशी, शेवट धक्क्यावर, कठड्याचा गज घट्ट धरून.

तक्ता भरला की एक गोष्ट लगेच दिसते. पहिल्या तीन कथा 'मी' सांगतो. चौथ्या कथेपासून 'मी' नाहीसा होतो आणि पुस्तक संपेपर्यंत परत येत नाही. पुस्तकाच्या एकसंधपणाचा हा पहिला ठोस पुरावा आहे, कारण तो एकेकट्या कथेत सापडूच शकत नाही. तीन कथांपुरता आवाज ऐकू येतो आणि मग तो थांबतो, हे फक्त रांगेतच कळतं.

दुसरी पायरी : क्रम कसा ठरला ते शोधणं

कथासंग्रहातला क्रम कधी लेखकाने ठरवलेला असतो, कधी प्रकाशकाने, आणि कधी कथा लिहून झाल्या त्या तारखांनी. क्रमावर विश्लेषण उभं करायचं असेल, तर तो लेखकाने जाणूनबुजून लावला होता की नाही हे आधी तपासायला हवं.

इथे आपली बाजू भक्कम आहे. यातल्या तीन कथा, 'द सिस्टर्स', 'एव्हलिन' आणि 'आफ्टर द रेस', 1904 मध्ये 'आयरिश होमस्टेड' या शेतीविषयक साप्ताहिकात सुट्या आल्या होत्या. 1905 मध्ये भाऊ स्टॅनिस्लॉस याला लिहिलेल्या पत्रात जॉइस पुस्तकाची आखणी सांगतो: बालपणाच्या तीन कथा, तारुण्याच्या तीन, प्रौढपणाच्या तीन आणि सार्वजनिक जीवनाच्या तीन. म्हणजे बारा कथा, चार गट. पुढे 1906 मध्ये 'टू गॅलंट्स' आणि 'अ लिटल क्लाउड' या दोन कथा आल्या, पण त्या शेवटी जोडल्या गेल्या नाहीत. पहिली तारुण्याच्या गटात बसवली, दुसरी प्रौढपणाच्या. 1907 मध्ये इटालियन भाषेच्या वातावरणातल्या ट्रिएस्ट शहरात राहत असताना त्याने 'द डेड' लिहिली आणि ती मात्र सगळ्यांच्या शेवटी ठेवली. प्रकाशकांशी बरीच वर्षं वाद चालले आणि अखेर 1914 मध्ये लंडनमधून पुस्तक निघालं. तोपर्यंत रचना तीन, चार, चार, तीन आणि एक अशी झाली होती.

लिहिण्याच्या तारखा आणि पुस्तकातली जागा यांचा मेळ बसत नाही, हे महत्त्वाचं. 'टू गॅलंट्स' 1906 ची आहे आणि तिच्या लगेच मागोमाग येणारी 'द बोर्डिंग हाउस' 1905 ची. म्हणजे कथांना जागा नेमून दिलेल्या आहेत.

पहिल्या कथेचं पुनर्लेखन हा याहूनही चांगला पुरावा. साप्ताहिकात आलेल्या 'द सिस्टर्स'मध्ये मुलगा पाद्र्याच्या खिडकीतला उजेड पाहतो, पण अर्धांगवायूचा तो प्रसिद्ध उल्लेख तिथे नाही. पुस्तकासाठी कथा नव्याने लिहिताना जॉइसने तो सुरुवातीच्या परिच्छेदात घातला. आता मुलगा रोज रात्री खिडकीकडे पाहत तो शब्द स्वतःशी पुटपुटतो. पुढच्या चौदा कथांमध्ये माणसं ऐन क्षणी जागच्या जागी थिजणार आहेत, आणि पहिल्या कथेला त्या थिजण्याचं नाव देण्याचं काम नंतर सोपवलेलं आहे. सुट्या कथेला त्याची गरज नव्हती, पुस्तकाला होती.

तिसरी पायरी : सांधे वाचणं

माझ्या मते सगळ्यात जास्त हाती लागतं ते इथे. कथेचं शेवटचं पान आणि पुढच्या कथेची पहिली दोन पानं एकत्र, एकाच बैठकीत वाचायची. चौदा सांधे आहेत. सगळे सारखे बोलके नाहीत, पण जे आहेत ते पुस्तकाचं कथानक उघडं करतात.

'द बोर्डिंग हाउस' आणि 'अ लिटल क्लाउड' यांच्यामधला सांधा घेऊ. पहिल्या कथेत मिसेस मूनी खानावळवजा लॉज चालवते. तिची मुलगी पॉली आणि तिथे राहणारा बॉब डोरन यांचं प्रकरण ती दिसत असूनही बोलत नाही, योग्य वेळ येईपर्यंत थांबते, आणि एका रविवारी सकाळी डोरनला खाली बोलावून घेते. डोरन चौतीस-पस्तीसचा आहे, नोकरी जाण्याची धास्ती आहे, पाद्र्यासमोर कबुलीही देऊन झाली आहे. तो जिना उतरतो. खाली काय बोलणं झालं, ते जॉइस लिहीत नाही. तो आपल्याला वर पॉलीजवळ ठेवतो. ती वाट पाहता पाहता स्वप्नात हरवते, कशाची वाट पाहतोय हेही विसरते, आणि मग आईची हाक येते की मिस्टर डोरनना तुझ्याशी बोलायचंय. कथा संपते. लग्न दाखवलेलं नाही, होकारही नाही.

पान उलटलं की लिटल चँडलर येतो. हा वेगळा माणूस आहे, वेगळ्या कचेरीत कारकून आहे आणि डोरनला तो ओळखतो असं कुठेही नाही. पण त्याचं लग्न झालेलं आहे आणि घरात तान्हं मूल आहे. संध्याकाळभर तो लंडनहून आलेल्या इग्नेशियस गॅलहर या यशस्वी मित्राबरोबर बसतो, घरी परततो, मूल हातात घेतो आणि बायकोच्या फोटोकडे पाहत स्वतःला विचारतो की या डोळ्यांशी आपण लग्न का केलं. हा प्रश्न डोरनने विचारायला हवा होता. तो जिना उतरला तेव्हा त्याला विचारायला वेळ मिळाला नाही. दोन कथांच्या मधल्या कोऱ्या जागेत एक लग्न लागलं आहे, आणि ते वाचकाने लावलं आहे.

कादंबरीत 'दोन वर्षं गेली' असं लिहून नवं प्रकरण सुरू होतं. इथे वर्षांबरोबर माणूसही बदलतो आणि तरी धागा तुटत नाही. 'कथानक एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातं' असं वर म्हटलं, त्याचा हा सगळ्यात स्पष्ट नमुना.

तक्त्यातल्या वयांचा इथे उपयोग होतो. 'टू गॅलंट्स'मधला लेनहन येत्या नोव्हेंबरात एकतीसचा होणार आहे, डोरन चौतीस-पस्तीसचा. तरी दोघेही तारुण्याच्या गटात. चँडलर बत्तीसचा, म्हणजे डोरनहून लहान, आणि तो प्रौढांच्या गटात. तेव्हा गट वयाने पडलेले नाहीत. अजून कुठे बांधले न गेलेले एका बाजूला आणि बांधले गेलेले दुसऱ्या बाजूला, अशी ती विभागणी आहे, आणि 'द बोर्डिंग हाउस' ही तारुण्याच्या गटातली शेवटची कथा असल्यामुळे डोरनचा जिना हीच त्यांच्यामधली सीमा ठरते.

लगेच पुढचा सांधा पाहू. चँडलर रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर ओरडतो, मूल अधिकच कळवळतं, बायको येऊन त्याला उचलून घेते, आणि चँडलर दिव्याच्या उजेडातून मागे सरकून पश्चात्तापाने रडतो. पान उलटलं की 'काउंटरपार्ट्स'मध्ये घंटा संतापाने वाजते आणि साहेबाचा आवाज फॅरिंग्टनला बोलावतो. फॅरिंग्टनही कारकून, कायद्याच्या कचेरीत नकला करणारा. त्याचीही संध्याकाळ दारूच्या गुत्त्यात जाते. घड्याळ गहाण टाकून मिळालेले सहा शिलिंग तो उडवतो, आणि वेदर्स या कसरतपटूकडून हाताच्या झुंजीत सगळ्यांसमोर हरतो. मग घरी येतो. बायको देवळात गेलेली, चूल विझलेली. अंधारात एक पोर धावत येतं आणि तो विचारतो, कोण, चार्ली? पोर म्हणतं, नाही बाबा, टॉम. विझलेल्या चुलीचं निमित्त करून तो त्या टॉमला काठीने मारतो, आणि पोर 'तुमच्यासाठी प्रार्थना म्हणेन' असं विनवत राहतं. कथा तिथे तुटते. बापाचे अश्रू इथे नाहीत.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे: कचेरी, गुत्ता, बाहेरच्या माणसासमोर झालेला अपमान, घर, आणि घरात बायको नसताना मूल. चँडलर ओरडून थांबतो, फॅरिंग्टन काठी उचलतो. पहिली कथा बापाच्या मनात संपते, दुसरी मुलाच्या तोंडच्या शब्दांत. सुटी वाचली तर 'अ लिटल क्लाउड' एका हळव्या, अपयशी कवीची कथा वाटते. 'काउंटरपार्ट्स'च्या आधी वाचली की त्या अश्रूंवरचा विश्वास डळमळतो. फॅरिंग्टनला पाच मुलं आहेत, चँडलरला एकच. आजच्या पश्चात्तापाचं पुढे काय होईल, हा प्रश्न पुस्तक शब्दांत विचारत नाही. दोन कथा शेजारी ठेवते आणि तो आपल्या मनात येतो.

हा धागा पुढेही जातो, तो थोडक्यात सांगतो. 'क्ले'मध्ये आपण संसाराबाहेर असलेल्या मारियाच्या नजरेतून, तिने लहानपणी सांभाळलेल्या जोचं मुलाबाळांचं घर पाहतो. 'अ पेनफुल केस'मध्ये मिस्टर डफी एका दुर्लक्षित बायकोला जवळ येऊ देतो, मग तोडतो, आणि चार वर्षांनी तिच्या अपघाती मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात वाचतो. संसाराच्या उंबरठ्यावर, संसारात, संसाराच्या तळाशी, आणि शेवटी संसाराबाहेरून, अशी पाच कथांची सलग वाटचाल आहे.

चौथी पायरी : पुनरावृत्तीसाठी एकच वस्तू निवडणं

आता परत परत येणाऱ्या गोष्टी. 'डब्लिनर्स'मध्ये त्या इतक्या आहेत की अभ्यासक पहिल्या आठवड्यातच त्यांत बुडून जातो: तपकिरी रंग, धूळ, नाणी, गाणी, पाद्री, अंधार. सगळ्यांची यादी केली तर लांब यादीच हाती उरते. एकच वस्तू घ्यावी, शक्यतो हाताने दाखवता येईल अशी. मी खिडकी घेतो. प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी लिहायच्या: माणूस खिडकीच्या कोणत्या बाजूला आहे, पलीकडे काय आहे, आणि तो त्या खिडकीपाशी काय करतो.

'द सिस्टर्स': मुलगा बाहेर रस्त्यावर आहे. आत मरणाला टेकलेला पाद्री. मेला असेल तर पडद्यावर दोन मेणबत्त्यांचा उजेड दिसेल हे मुलाला माहीत आहे, म्हणून तो रोज वर पाहतो.

'ॲराबी': मुलगा आत आला आहे. सकाळी तो पडदा जवळजवळ पूर्ण खाली ओढून, जमिनीवर पडून समोर राहणाऱ्या, त्याला आवडणाऱ्या मुलीच्या घराचं दार पाहत असतो. बाजाराच्या संध्याकाळी, काकांची वाट बघताना, थंड काचेला कपाळ टेकवून तिच्या अंधाऱ्या घराकडे पाहतो.

'एव्हलिन': तीही आत आहे. डोकं पडद्यावर टेकलेलं, नाकात धुळीचा वास, बाहेर संध्याकाळ उतरते आहे. निम्म्याहून अधिक कथा ती तिथून हलत नाही.

'अ लिटल क्लाउड': चँडलर कचेरीच्या खिडकीतून बागेतलं शरदातलं ऊन पाहतो आणि उदास होतो.

'द डेड': इथे खिडकी दोनदा महत्त्वाची आहे. मेजवानीच्या वेळी गॅब्रिएल कॉन्रॉय बोटांनी थंड काचेवर टकटक करतो आणि बाहेर बर्फात जावं असं त्याला वाटतं. रात्री हॉटेलच्या खोलीत बायको ग्रेटा त्याला मायकेल फ्युरीची गोष्ट सांगते. हा मुलगा आजारी असताना पावसात तिच्या बागेत येऊन उभा राहिला होता आणि त्याने तिच्या खिडकीवर खडे मारले होते. काच इतकी ओली होती की तिला काही दिसेना, म्हणून ती धावत खाली बागेत गेली. तो पुढे वारला. ग्रेटा झोपल्यावर गॅब्रिएलला काचेवर हलकी टकटक ऐकू येते आणि तो खिडकीकडे वळतो. बर्फ पुन्हा पडू लागलेला असतो.

या नोंदी एका खाली एक ठेवल्या की बदल दिसतो. पहिल्या खिडकीत जिवंत मुलगा बाहेर आहे आणि मेलेला माणूस आत. शेवटच्या खिडकीत जिवंत माणूस आत आहे आणि मेलेला मुलगा बाहेर, बर्फाखालच्या दफनभूमीत. मधल्या सगळ्या खिडक्यांतून माणसं फक्त बाहेर पाहतात. शेवटच्या कथेत पहिल्यांदाच बाहेरून कुणी काच वाजवतं: आधी फ्युरी खड्यांनी, मग बर्फ. आणि ग्रेटा ही खिडकी सोडून स्वतः त्या माणसाकडे धावलेली एकटीच.

पुनरावृत्ती मोजताना हाच निकष लावायचा. वस्तू पुन्हा आली, एवढं पुरेसं नाही. दरवेळी तिची जागा आणि तिचं काम बदलतं का, आणि त्या बदलाला काही दिशा आहे का, हे पाहायचं. दिशा नसेल तर ती लेखकाची सवय, किंवा त्या काळच्या घरांचं साधं वर्णन. 'द बोर्डिंग हाउस'मध्ये रविवारच्या उन्हात घराच्या सगळ्या खिडक्या उघड्या आहेत आणि पडदे रस्त्याकडे फुगले आहेत. सुंदर ओळ आहे, पण तिथे खिडकीपाशी कुणीही उभं नाही. ती मी या मालिकेत धरत नाही. हवी तर दुसऱ्या युक्तिवादात वापरता येईल, पण इथे तिला जबरदस्तीने ओढलं की मालिकेचा नेमकेपणा जातो.

वस्तूबरोबर एखादी हालचालही तपासावी. 'टू गॅलंट्स'मध्ये लेनहन मित्राची वाट पाहत रात्री शहरात फिरतो आणि रस्त्यांचं वर्तुळ करून परत येतो. 'द डेड'मध्ये गॅब्रिएल आजोबांच्या जॉनी घोड्याची गंमत सांगतो: गिरणीत गोल फिरायची सवय लागलेला तो घोडा राजाच्या पुतळ्याभोवतीही गोलच फिरू लागला. सांगताना गॅब्रिएल स्वतः दिवाणखान्याबाहेरच्या जागेत गोल फिरून दाखवतो आणि सगळे हसतात. लेनहनची रात्र लक्षात असेल तर तो हशा वेगळा ऐकू येतो.

पाचवी पायरी : क्रम मोडून पाहणं

आपण दाखवलेला क्रम खरंच काम करतो का, हे तपासायला कथांची अदलाबदल करून मनात वाचायची. 1905 च्या पत्रात तारुण्याच्या कथांची नावं 'बोर्डिंग हाउस', 'आफ्टर द रेस', 'एव्हलिन' अशी येतात. छापील पुस्तकात 'एव्हलिन' गटाच्या सुरुवातीला आहे, 'ॲराबी'च्या लगेच नंतर.

समजा ती डोरनच्या कथेनंतर आली असती. लग्न म्हणजे सापळा, हे नुकतंच वाचलेलं असताना एव्हलिनचं धक्क्यावर थिजणं थोडं शहाणपणाचं वाटलं असतं. तिला परदेशी घेऊन जायला निघालेल्या फ्रँकवर विश्वास ठेवावा की नाही, हा संशय आधी आला असता. 'ॲराबी'नंतर आल्यामुळे तसं होत नाही. दूरच्या देशाचं नाव लावलेल्या बाजाराला निघालेला मुलगा तिथे पोचला तरी रिकाम्या हाताने परतला, आणि लगेच पुढे ब्युनोस आयरेसची स्वप्नं पाहणारी मुलगी निघण्याआधीच थांबली. मुलगा निदान पोचला होता. आशेचा पल्ला आखूड होत चालला आहे, हे या शेजारामुळे कळतं. 'मी' बोलणारा आवाजही याच सांध्यावर बंद होतो, तेव्हा एव्हलिनला स्वतःची गोष्ट सांगायला तोंडही उरलेलं नाही.

दुसरी चाचणी शेवटाची. 'द डेड' नसताना पुस्तक 'ग्रेस'वर संपत होतं. दारूच्या नशेत जिन्यावरून पडलेल्या मिस्टर कर्ननला मित्र प्रार्थनामंदिरात नेतात आणि फादर पर्डन व्यापाऱ्यांना समजेल अशा हिशेबाच्या भाषेत प्रवचन देतो. त्या आराखड्यात पुस्तक एका पाद्र्यावर सुरू होतं आणि दुसऱ्यावर संपतं: पहिला धर्माच्या ओझ्याखाली मोडलेला, दुसऱ्याला कसलंच ओझं नाही. बंद, कठोर वर्तुळ. 'द डेड' जोडल्यावर ते वर्तुळ उघडतं. पाद्र्याची जागा बर्फाला मिळते, उपहासाची जागा दुःखाला. पहिल्या कथेतल्या दोन बहिणींच्या जागी केट आणि ज्युलिया या दोन म्हाताऱ्या बहिणी येतात. लग्नाचा धागाही इथे पुरा होतो: चँडलर फोटोतल्या डोळ्यांत काही न सापडल्यामुळे मुलावर ओरडतो, गॅब्रिएल झोपलेल्या बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत तिच्या भूतकाळाला जागा करून देतो. ही कथा एकटीच पुस्तकाचा जवळजवळ चौथा भाग आहे. आधीच्या चौदांचं वजन पेलायला तिला तेवढी लांबी लागते.

अदलाबदलीनंतर काहीच बिघडलं नाही, तर त्या जागेबद्दलचा आपला दावा मागे घ्यायचा. 'अ मदर' आणि 'आयव्ही डे इन द कमिटी रूम' यांची अदलाबदल केली तर मला फार फरक जाणवत नाही. सार्वजनिक जीवनाचा गट पहिल्या तीन गटांइतका घट्ट विणलेला नाही, असं मी सरळ लिहीन.

लिहिताना कुठे घसरतं

पहिली चूक पात्रांची. कथा जोडलेल्या आहेत म्हटलं की आपण एकच माणूस दोन कथांत शोधू लागतो. 'डब्लिनर्स'मध्ये असे दुवे तुरळक आहेत. 'अ मदर'मधल्या कॅथलीन कर्नीचं नाव 'द डेड'मध्ये सहलीच्या बोलण्यात येऊन जातं, एवढंच. लेनहन, कॉर्ली, डोरन, कर्नन ही मंडळी परत भेटतात ती 'युलिसिस' या जॉइसच्या नंतरच्या कादंबरीत. ती माहिती इथे पुरावा म्हणून वापरायची नाही, कारण 1914 च्या वाचकाकडे ती नव्हती.

दुसरी चूक पहिल्या तीन कथांतल्या 'मी'बद्दलची. तो एकच मुलगा आहे असं बहुतेक जण गृहीत धरतात. 'द सिस्टर्स' आणि 'ॲराबी'मध्ये काका-काकू आहेत आणि आई-वडील नाहीत, तेव्हा तिथे तसं मानायला आधार आहे. पण मधल्या 'ॲन एन्काउंटर'मध्ये निवेदकाच्या घरच्यांचा पत्ताच नाही आणि नावही नाही. वाटेत भेटलेल्या त्या विचित्र माणसापासून दूर जायला तो स्वतःला स्मिथ आणि मित्राला मर्फी म्हणवून घेऊया असं सुचवतो, खरं नाव आपल्याला कळू देत नाही. म्हणून 'तीन कथांचा एक नायक' असं न लिहिता 'तीन कथांचा एक आवाज' असं लिहावं. पाठ्य तेवढंच देतं, आणि 'एव्हलिन'शी तो आवाज थांबतो या आपल्या मुद्द्याला तेवढंच पुरतं.

तिसरं घसरणं मांडणीचं आहे. प्रत्येक कथेला एक परिच्छेद देत गेलात तर पंधरा सारांश तयार होतात आणि पुस्तक पुन्हा सुटं होतं. निबंधाचे परिच्छेद सांध्यांना द्यावेत. चौदापैकी चार किंवा पाच सांधे निवडायचे, एक वस्तू सुरुवातीपासून शेवटपर्यंत न्यायची, आणि क्रमाची एक चाचणी दाखवायची. 'आफ्टर द रेस' यात कदाचित कुठेच बसणार नाही. श्रीमंत मित्रांबरोबर रात्रभर पत्ते खेळून पहाटे हरलेला जिमी डॉईल मला आजही गटातला सगळ्यात सैल दुवा वाटतो. बाकीच्या माणसांकडे गमवायला काही नसतं आणि त्याच्याकडे पैसा असतो, एवढा फरक नोंदवून ती कथा बाजूला ठेवली तरी युक्तिवाद उभा राहतो.